ओके सर, पण कशाला?

सकाळी पाठवलेल्या मेलला संध्याकाळी उत्तर आलं: "ओके सर." पुढे जोडलेले दोन हात. बस्स. मेलमध्ये मी दोन गोष्टी मागितल्या होत्या, एक दर आणि एक पैसे द्यायची मुदत, आणि दोन्हींखाली हिशोब मांडला होता. त्यातली कुठली ओके, ते हात जोडणाऱ्याने सांगितलं नाही. विचारायला फोन केला तर तिकडून भाचा म्हणाला, "काका म्हणाले दोन्हीतलं एक." कुठलं एक? "ते काका आल्यावर सांगतील." काका टेम्पोबरोबर गेले होते.

रबाळे एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात मी परचेस बघतो. आमचा माल पुठ्ठ्याच्या पाच प्लाय बॉक्समधून जातो आणि बॉक्स काल्हेरहून, याच काकांच्या शेडमधून येतात. महिन्याला साधारण तीन हजार. दर होता बॉक्सला ३४ रुपये. मग काकांचा मेल आला, की कागद महाग झाला, सबब येत्या एक तारखेपासून दर ३७ रुपये ४० पैसे, "पेंडिंग ऑर्डरसहित". म्हणजे सरळ दहा टक्के.

इथे नम्र माणूस "कृपया फेरविचार करावा" असं लिहितो आणि फसतो. फेरविचार करायला काकांचं काय जातं? ते फेरविचार करतात आणि ३७ रुपये सांगतात. चाळीस पैसे सुटले म्हणून आपण आभार मानतो. मेल कितीही गोड असो, त्यात आकडा नसला तर समोरच्याला उत्तर द्यायला काही धरच मिळत नाही. म्हणून आधी बॉक्स उघडायचा.

आमचा बॉक्स आतून ४०० बाय ३०० बाय ३०० मिलिमीटर. तो उलगडला की चारी बाजू आणि जोडाची पट्टी मिळून १४४० मिलिमीटर लांबीचा आणि झाकणाच्या पाकळ्यांसकट साधारण ६२० रुंदीचा तुकडा होतो. म्हणजे ०.८९ चौरस मीटर. कागदाचे थर पाच: बाहेरचा १५० जीएसएमचा, मधला आणि आतला सपाट थर १२० चे, आणि दोन नळीदार थर, तेही १२० चे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. नळीदार थर नागमोडी असल्यामुळे त्याला कागद जास्त लागतो, साधारण चाळीस टक्के जास्त, तेव्हा १२० चा तो १६८ धरायचा. बेरीज येते ७२६. तिला ०.८९ ने गुणलं की बॉक्सचं वजन निघतं साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. काटाही तेच सांगतो. कापाकापीत जाणारा पाच टक्के कागद धरला तर एका बॉक्सला ६८० ग्रॅम कागद.

आता कागद ३४ रुपये किलोवरून ३६ झाला, हे खरं होतं. काकांनी मिलचं पत्रक जोडलं होतं. किलोमागे दोन रुपये म्हणजे ६८० ग्रॅममागे १ रुपया ३६ पैसे. म्हणजे ३४ चे झाले ३५.३६. काकांनी मागितले ३७.४०. बॉक्सच्या दरात कागद दोन तृतीयांशच्या थोडा वर असतो; उरलेल्यात डिंक, वीज, मजुरी, छपाई, भाडं आणि काकांचा नफा. कागद सहा टक्के वाढला तर बॉक्स चार टक्केच वाढायला हवा. ही गोष्ट पुठ्ठेवाल्यांना आपल्याहून चांगली ठाऊक असते. फक्त ती समोरच्यालाही ठाऊक आहे, हे त्यांना मेल येईपर्यंत ठाऊक नसतं.

तर हा सगळा हिशोब मी मेलमध्ये घातला. सुरुवातीला दोन सभ्य ओळी, मग हिशोब, मग मागणी: ३५.५० द्यायला तयार आहोत, हातातल्या पीओवरचे बॉक्स जुन्याच दराने, नवा दर नव्या पीओपासून. हातातली पीओ म्हणजे आधी दिलेली परचेस ऑर्डर, दोघांनी मान्य केलेला सौदा असतो. "पेंडिंग ऑर्डरसहित" हे शब्द वाढीच्या मेलमध्ये हळूच सरकवलेले असतात, ते आधी बाहेर काढायचे. बरेच जण दरावर भांडत बसतात आणि तारीख सोडून देतात. तीन हजार बॉक्स एक महिना जुन्या दराने मिळाले, तर ३५.५० च्या हिशोबानेसुद्धा साडेचार हजार रुपये तिथेच वाचतात, आणि त्यात काकांचा मानही राहतो, कारण दर तर त्यांनी वाढवून घेतलेलाच असतो.

मेल इथे संपायला हवा होता. पण आमचे मालक खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मालक मागे उभे राहिले की मेलची लांबी वाढते, असा आमच्या ऑफिसात अनुभव आहे. "पेमेंटचंही लिही ना. तीस दिवसांचे पंचेचाळीस कर. एकाच मेलमध्ये होऊन जाईल." मी म्हटलं, साहेब, दोन वेगळे मेल करू या. "दोन कशाला? तो एकदाच बसतो ना वाचायला."

तो एकदाच बसला. आणि बसल्याबसल्या त्याने मला फोन लावला.

"साहेब, मेल मिळाला तुमचा."

"वाचलात का काका?"

"वाचतोय ना. चष्मा लावतो, थांबा." मागे मशीनचा घरघराट. "हां. 'आपल्या इतक्या वर्षांच्या स्नेहसंबंधांची जाणीव ठेवून...' साहेब, किती कमी करायचेत?"

"काका, पुढे वाचा. पुढे आकडा आहे."

"पुढे आहे होय? बरं. 'कागदाच्या दरवाढीमुळे आपल्यावर येणाऱ्या ताणाची आम्हाला पूर्ण कल्पना आहे.' वा! पूर्ण कल्पना आहे?"

"आहे ना."

"मग देऊन टाका."

"देतोच आहोत. पण दहा टक्के नाही. पुढे वाचा."

"'तथापि...' हां! आला तथापि. मी वाटच बघत होतो." मग फोन बाजूला धरून, पण मला ऐकू येईल अशा बेताने: "अरे, बंद करा रे मशीन जरा, साहेबांचा तथापि आलाय!"

मशीन खरंच बंद झालं. त्या शांततेत काकांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचून काढला. मला खात्री आहे की शेडमधली सगळी मंडळी भोवती जमली होती, कारण "नळीदार थराला चाळीस टक्के कागद जास्त" या वाक्याला कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं आणि काकांनी त्याला "तू गप रे" म्हटलं.

"साहेब, हे ६८० ग्रॅम कुठून आणलेत?"

"बॉक्स साडेसहाशेचा आणि पाच टक्के वेस्टेज."

"पाच? आमचं आठ जातं."

"आठ धरा. चार पैसे वाढतात."

जरा वेळ काहीच नाही. बहुतेक कॅल्क्युलेटर शोधत होते. "चारच? ... बरं, आणि वीज? लेबर? कशेळीला टेम्पो दोन-दोन तास उभा असतो, त्याचं?"

"काका, प्रत्येकाचा आकडा लिहून पाठवा. जो खरा असेल तो देऊ."

"ट्रॅफिकचा आकडा कसा लिहायचा साहेब?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ट्रॅफिकचा आकडा खरंच कुणी लिहून देऊ शकत नाही. काल्हेरहून निघालेला टेम्पो कशेळीचा पूल ओलांडून माजिवड्याला येतो आणि तिथून पुढे कळवा-विटाव्याच्या बाजूने ठाणे-बेलापूर रस्त्याला लागेपर्यंत काय होईल, हे त्या मार्गावरच्या देवांनाही सांगता येणार नाही. तरी मी म्हटलं, भाडं वेगळं दाखवा, बॉक्सचा दर वेगळा. हे मात्र काकांना आवडलं नाही. भाडं दरात मुरलेलं असलं की डिझेल महागलं तर दर वाढवता येतो आणि डिझेल उतरलं तर गप्प बसता येतं.

"बरं, तुम्ही सगळं लेखी पाठवा," मी म्हटलं.

"लेखी कशाला? मी काय पळून जातोय? शेड इथेच आहे माझी."

"शेड आहे हो, पण आमच्या अकाउंट्सला शेड दिसत नाही, कागद दिसतो."

"कागद तर मी रोज दोन टन बघतो, साहेब. पाठवतो. भाच्याला सांगतो." आणि मशीन पुन्हा सुरू झालं. भाच्याने काय पाठवलं, ते वर सांगितलंच आहे.

एकाच मेलमध्ये दर आणि मुदत मागितली की समोरच्याला निवड मिळते, आणि तो स्वतःला स्वस्त पडेल ते निवडतो. कोणतं स्वस्त? पंधरा दिवस उशिरा पैसे म्हणजे, बारा टक्के व्याजाने, अर्धा टक्का. ३५.५० वर ते होतात सतरा पैसे. दरातली माझी मागणी होती १ रुपया ९० पैशांची. काकांनी मुदत ओके म्हटली असती, तर सतरा पैसे देऊन त्यांनी एक नव्वद वाचवले असते, आणि वर उदारपणा त्यांचाच. मालकांना मी हे नंतर कागदावर दाखवलं. ते म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंस?" खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला काहीही आधी सांगता येत नाही.

शेवटी मी दुसरा मेल केला. त्यात स्नेहसंबंध नव्हते. विषयाच्या ओळीत पीओ नंबर, आणि आत एवढंच: "दर ३५.५०, नव्या पीओपासून, ती सोबत जोडली आहे. जुन्या पीओचे शिल्लक बॉक्स ३४ ने. मान्य असल्यास याच मेलला शुक्रवारपर्यंत 'मान्य' असं उत्तर द्यावे, म्हणजे ऑर्डर लावता येईल." एकच प्रश्न, म्हणजे "ओके सर" आलं तरी त्याचा अर्थ एकच निघतो. तसंच आलं. हातही होते.

आता ज्यांना वाटतं की इथे काम झालं, त्यांच्यासाठी पुढची गोष्ट. दर कमी केला की वजन उतरतं. दरवेळी नाही, पण बघावं लागतं. नळीदार थराचा कागद १२० ऐवजी १०० जीएसएमचा घातला, तर बाहेरून कुणाला काही दिसत नाही. बॉक्समागे पन्नास ग्रॅम वाचतात, म्हणजे ३६ रुपये किलोने १ रुपया ८० पैसे. मेलमध्ये सोडलेले एक नव्वद जवळजवळ घरी परत. आणि बॉक्स फसतो कुठे? थप्पीत. वजन पेलायचं काम त्या नळ्या करतात. त्या पातळ झाल्या की खालच्या रांगेतल्या बॉक्सची पोटं बाहेर येतात आणि थप्पी एका बाजूला कलते.

म्हणून नवा लॉट आला की वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले दहा बॉक्स एकदम काट्यावर ठेवायचे. साडेसहा किलोच्या आसपास भरले तर ठीक. सहा भरले तर थांबायचं. पावसाळ्यात मात्र काटाही खोटं बोलतो, कारण कागद हवेतलं पाणी पितो आणि हलका बॉक्स जड भरतो. तेव्हा बॉक्सचा तळहाताएवढा तुकडा पाण्यात भिजत घालायचा. खळ सुटते, पाचही थर हाताने वेगळे होतात. ते खडखडीत वाळवायचे, प्रत्येक थराचा नेमका दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर चौकोन कापायचा (नळीदार थर आधी सपाट करून घ्यायचा) आणि सोनाराकडे असतो तसल्या लहान काट्यावर ठेवायचा. वजन ग्रॅममध्ये येईल, त्याला शंभराने गुणलं की जीएसएम. १.२ ग्रॅम आलं तर १२० चा कागद. एक आलं तर काकांनी सौदा परत उघडलाय असं समजायचं. हे तुकडे आमच्या ऑफिसच्या खिडकीत दोरीला चिमटे लावून वाळत असतात. बाहेरून येणारा प्रत्येक जण हे काय म्हणून विचारतो, आणि शिपाई सांगतो, "साहेबांचं परचेस आहे."

वजन कमी आलं तर ते लगेच आणि लेखी कळवायचं. फोनवर चिडून उपयोग नाही. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात असं आहे, की माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं, आणि पैशांची मुदत माल आला त्या दिवसापासून मोजायला लागते. काकांना मी फोनवर तासभर झापलं, तरी कायद्याच्या लेखी मी बॉक्स आनंदाने घेतलेत.

आणि ती मुदत. मालकांचे पंचेचाळीस दिवस. तोच कायदा म्हणतो की लेखी करार नसेल तर पैसे १५ दिवसांत द्यायचे. करार असला तरी जास्तीत जास्त ४५. म्हणजे तोंडी ठरलेले "नेहमीचे तीस दिवस" कायद्याने पंधराच असतात. साठ दिवस मागणारा नम्र मेल तर लिहूच नये. समोरच्याने हो म्हटलं तरी तो धरला जात नाही, आणि आपल्याच हाताने लिहिलेला पुरावा तेवढा त्याच्याकडे जातो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून, सगळे ज्याला त्रेचाळीस-बी-एच म्हणतात त्या आयकराच्या कलमाने, मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला उभं राहिलं तर त्या वर्षी ते खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देऊ त्या वर्षी धरायचं. हे सूक्ष्म आणि लघू उत्पादकांच्या बाबतीत; नुसत्या ट्रेडरला किंवा मध्यम उद्योगाला हे कलम लागत नाही. म्हणून मुदतीचा मेल लिहिण्याआधी समोरच्याचं उद्यम प्रमाणपत्र मागवून घ्यायचं आणि त्यावर तो कोण आहे ते बघायचं. काका सूक्ष्म उत्पादक निघाले. त्या दोन टन कागदाचा त्यांना एवढा अभिमान, की सूक्ष्म म्हटल्याचा त्यांना रागच आला होता.

पंचेचाळीस दिवस मी वेगळ्या मेलने मागितले, कारण मालकांना हवे होते. बदल्यात महिन्याऐवजी तीन महिन्यांची ऑर्डर एकदम दिली. डिलिव्हरी महिन्याला तीन हजार, पण कागद आणि छपाईचं काम त्यांना एकदाच लावता येतं. काकांनी ते मान्य केलं, लेखी, पीओवर. खरं तर मला त्या सतरा पैशांपेक्षा उलटा सौदा करायचा होता: सात दिवसांत पैसे देतो, तीस-चाळीस पैसे कमी करा. काल्हेरच्या शेडमध्ये महिनाअखेरीस रोख रकमेची जी किंमत असते, ती आमच्या बँकेच्या व्याजापेक्षा नक्कीच जास्त असते. पण सात दिवसांत पैसे देणं आमच्या अकाउंट्सला जमत नाही.

अकाउंट्सला पंचेचाळीसही जमत नाही. पेमेंट महिन्यातून दोनदाच निघतं, दहा आणि पंचवीस तारखेला. माल गेटवर उतरतो, चलन वॉचमनकडे दोन दिवस राहतं, स्टोअरची पावती चार दिवसांनी होते, आणि बिलावर पीओचा नंबर चुकलाय हे त्रेचाळिसाव्या दिवशी लक्षात येतं. मग काकांना दुरुस्त बिल मागवलं जातं, भाचा ते पाठवतो, आणि तोवर पुढची पंचवीस येते. मार्चमध्ये मात्र सगळ्यांना अचानक काकांची काळजी वाटू लागते आणि बिलं हातोहात निघतात.

काका मूर्ख नाहीत. आम्ही पंचेचाळीस म्हणतो म्हणजे पासष्ट, हे त्यांना पाठ आहे. वीस दिवसांचं त्यांच्या ओव्हरड्राफ्टवरचं व्याज, पंधरा टक्क्यांनी, बॉक्सला एकोणतीस पैसे होतं. ते एकोणतीस पैसे त्यांनी ३५.५० मध्ये आधीच बसवलेले असणार, कारण मी वेस्टेजपासून ट्रॅफिकपर्यंत सगळ्याचा हिशोब मागितला तेव्हा फक्त एका खर्चाबद्दल ते फोनवर अवाक्षर बोलले नाहीत. आणि तो खर्च कमी करायचा मेल काकांना पाठवून चालत नाही. तो तिसऱ्या टेबलावर पाठवावा लागतो, जिथे मालक सीसीमध्ये असूनही उत्तर येत नाही.